सीरम आधी की इस्त्री आधी? पार्लरचं काम शिकणाऱ्यांसाठी

बेळगावात पार्लरचं काम शिकायला खानापूर-निपाणीकडच्या मुली येतात. सीरम, हीट प्रोटेक्टंट आणि लीव्ह-ऑन क्रीम समोर ठेवलं की प्रश्न ठरलेला: "सगळ्यात सिलिकॉनच ना ओ ताई, मग तीन बाटल्या कशाला?" सिलिकॉन बहुतेक तिन्हींत असतं, हे खरं. पण केसावर ते कुठे बसतं आणि कशासाठी, यात फरक आहे.

सीरमच्या लेबलवर पहिलं नाव बऱ्याचदा सायक्लोपेंटासिलोक्सेन असतं. ते उडून जातं. त्याचं काम फक्त पसरवण्याचं. मागे राहतो डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉलचा पातळ थर. त्याने केस एकमेकांवरून घसरतात, चमकतात. लीव्ह-ऑन क्रीममध्ये अमोडायमेथिकोन असेल तर गोष्ट वेगळी. ब्लीच झालेल्या केसावरचा नैसर्गिक स्निग्ध थर गेलेला असतो आणि तिथे ऋण भार वाढलेला असतो. अमोडायमेथिकोनवर धन भार असतो, म्हणून ते अशा खराब जागीच जास्त धरतं. हीट प्रोटेक्टंटमध्ये सिलिकॉनसोबत पॉलिमर असतात. त्यांच्या थराने उष्णता केसात जरा सावकाश आणि सारखी शिरते. ती अडत मात्र नाही. बाटलीवर २३० अंश लिहिलंय म्हणून इस्त्री २३० वर न्यायची नसते.

लग्नसराईतलं नेहमीचं गिऱ्हाईक घ्या. मुळाकडचे केस चांगले, खालचा वीतभर भाग ब्लीच केलेला, इस्त्री हवी. धुऊन टॉवेलने टिपले की ओलसर टोकांनाच वाटाण्याएवढं क्रीम लावा. मग हीट प्रोटेक्टंट बटेबटेने फवारून कंगव्याने ओढून घ्या. थेंब एका जागी साचला तर बाकीचा केस उघडाच राहतो. त्यानंतर ड्रायरने पूर्ण वाळवा. इथे घाई नडते, विशेषतः पावसाळ्यात, कारण वरून कोरडा वाटलेला केस आत ओला असतो. इस्त्री लावताच चर्र आवाज आला, वाफ निघाली, तर लगेच थांबा. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तो तिथेच तुटतो. ते कुठलंही सिलिकॉन भरून काढत नाही.

ब्लीच केलेल्या भागाला मी १५० ते १६० अंशांवरच इस्त्री लावते, तीही बारीक बटा घेऊन एकदाच फिरवते. सीरम सगळ्यात शेवटी, केस थंड झाल्यावर. दोन थेंब तळहातांवर चोळून कानाखालच्या केसांना. मुळांना लावलं तर हॉलवर पोचेपर्यंत केस तेलकट, चपटे.

हेच गिऱ्हाईक महिन्याने "केस जड झालेत" म्हणत आलं, तर बटेवर पाणी सोडून बघा. पाणी घरंगळून गेलं, केस भिजायला वेळ लागला, तर थरावर थर बसलाय असा माझा पहिला संशय. सल्फेटवाल्या शाम्पूने एकदा धुवा आणि मगच कलरचा विचार करा.