लांब सायकलिंगसाठी सीटची उंची घरीच कशी ठरवावी

पन्हाळ्याचा चढ चढून परतताना गुडघ्याची वाटी पुढच्या बाजूने दुखत असेल, तर बहुतेक वेळा सीट खाली असते. दुखणे गुडघ्याच्या मागे असेल, तर ती जास्त वर असते.

१. नेहमीचे बूट घालून भिंतीच्या आधाराने सायकलवर बसावे आणि टाच पॅडलवर ठेवून ते अगदी खाली न्यावे.

२. या स्थितीत पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो.

३. पडताळ्यासाठी अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे व त्याला ०.८८३ ने गुणावे. हे अंतर ८० सेंटिमीटर आले, तर क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६ सेंटिमीटर हवे. हा आकडा अंदाजापुरताच आहे. टाचेच्या चाचणीवर अधिक भरवसा ठेवावा.

४. बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच करावा आणि जुन्या उंचीवर टेप चिकटवून ठेवावी.

हाताला मुंग्या येत असतील, तर सीटचे टोक खाली झुकलेले नाही ना, हे आधी पाहावे, कारण तसे असल्यास शरीराचा भार तळहातांवर येतो. टोक समतल असूनही कोपर ताठ राहत असतील, तर हँडल लांब पडते. तेव्हा सीट पुढे न सरकवता हँडलला सायकलशी जोडणारा स्टेम आखूड बसवून घ्यावा, कारण सीट सरकवली की गुडघ्याची जागाही बदलते.

सीटपोस्टवरील किमान खोलीची खूण बाहेर दिसेल इतकी सीट कधीही वर घेऊ नये.