कुलूप लावल्याशिवाय लेख चढवू नका

ही यादी हात पोळल्यावरची आहे, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. ती गोष्ट म्हणजे कुलूप. मंजूर झालेला लेख साइटवर चढवण्याआधी गूगल डॉकला कुलूप लावायचं, म्हणजे सगळ्यांचा प्रवेश फक्त वाचण्यापुरता करायचा. बाकी सगळं नीट केलं आणि हे राहिलं, तर बाकीचं केलेलं वाया जातं.

कसं, ते पाहा. ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांसाठी भुरीवरचा लेख आहे. लेखकाकडून गंधकाचं प्रमाण लिटरला २ ग्रॅमऐवजी २० ग्रॅम पडलं. तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या नजरेतून ते निसटलं. चढवणाऱ्याला प्रीव्ह्यू बघताना ते दिसलं, त्याने फोन करून खात्री केली आणि वर्डप्रेसमध्येच २ करून टाकलं. डॉकमध्ये मात्र २० तसंच राहिलं. तासाभराने तज्ज्ञांचा निरोप आला, शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य घाला. डॉक उघडा होता, लेखकाने वाक्य तिथे घातलं आणि 'बदल केलाय, परत चढवा' असं कळवलं. चढवणाऱ्याने अख्खा मजकूर उचलून जुन्यावर चिकटवला. वाक्य आलं, त्याच्यासोबत २० ग्रॅमही परत आलं. यात कोणाचाच हलगर्जीपणा नाही. मूळ प्रती दोन झाल्या होत्या आणि दोन्ही जिवंत होत्या, एवढंच.

म्हणून आधी मालकी ठरवा. डॉक लेखकाने स्वतःच्या जीमेलवरून उघडला, तर त्याचा मालक तोच. मालकाला Viewer करता येत नाही, म्हणजे तो मालक असेपर्यंत त्या डॉकला कुलूप लागूच शकत नाही. हे लोकांना ऐन चढवण्याच्या दिवशी कळतं. त्यामुळे प्रत्येक डॉक ऑफिसच्या खात्यावरूनच उघडायचा. लेखकाला Editor, तज्ज्ञांना Commenter आणि चढवणाऱ्याला Viewer. शेअरच्या सेटिंगमध्ये, इतर Editor मंडळींना परवानग्या बदलता येतात ती खूण काढा, नाहीतर लेखक चांगुलपणाने अजून दोघांना आत घेईल. कॉपी-डाउनलोडची खूण मात्र राहू द्या, नाहीतर चढवणाऱ्याला मजकूर उचलता येणार नाही.

तज्ज्ञांना Commenter का, Editor देऊन 'Suggesting मध्ये लिहा' असं सांगितलं तर काय बिघडतं? सगळं बिघडतं. सर प्लॉटवर उभे, हातात मोबाइल, रेंज एका काडीची. ते मोड बघत बसणार नाहीत. Commenter असतील तर ते जे टाइप करतील ते आपोआप सूचना म्हणूनच पडतं, विषय संपला. त्यांना वर्ड फाइल व्हॉट्सॲपवर कधीही पाठवू नका. ती 'फायनल २' होऊन परत येते आणि तोवर डॉक पुढे गेलेला असतो. फक्त लिंक पाठवा. डॉक उघडण्याइतकी रेंज नसेल तर सरांनी व्हॉइस मेसेज करावा, डॉकमध्ये तो बदल लेखकाने उतरवावा.

सोबत एक शीट ठेवा: लेखाचं नाव, लिंक, स्थिती, सध्या पाळी कोणाची. स्थिती ड्रॉपडाउनमधूनच निवडायची: मसुदा, तपासणी, दुरुस्ती, मंजूर, कुलूप, चढवला. ज्याची पाळी नाही त्याने डॉकला हात लावायचा नाही. 'मंजूर' आणि 'चढवला' यांच्यामध्ये 'कुलूप' ही वेगळी पायरी मुद्दाम ठेवली आहे. 'मंजूरमध्येच ते आलं की' म्हणून कोणी ती काढायला लागलं तर काढू देऊ नका.

आता कुलपाचा क्रम. हा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. आधी ऑफिसच्या खात्यावरून Tools मधलं Review suggested edits उघडून एकही सूचना लटकलेली नाही ना बघा. लटकलेली सूचना असताना मजकूर कॉपी केला, तर खोडलेला शब्द आणि नवा शब्द दोन्ही एकत्र चिकटतात. '२० २ ग्रॅम' असलं काहीतरी साइटवर दिसलं तर कारण हेच. मग Version history मध्ये जाऊन Name current version ने या अवस्थेला नाव द्या, 'मंजूर' आणि तारीख. मग लेखक आणि तज्ज्ञ दोघांनाही Viewer करा. दोघांनाही. मग त्याच खात्यावरून डॉकच्या पहिल्या ओळीत ठळक लाल अक्षरात लिहा: 'कुलूप. मूळ प्रत आता साइटवर आहे.' ही ओळ सोडून मजकूर उचला आणि मगच वर्डप्रेसचा टॅब उघडा. मजकूर आधी चिकटवून 'कुलूप नंतर लावतो' म्हणालात की ते राहिलंच म्हणून समजा.

कुलूप लागल्यावर कोणताही बदल, स्वल्पविरामसुद्धा, फक्त वर्डप्रेसमध्ये आणि फक्त चढवणाऱ्याच्या हातून. काय होतं आणि काय केलं ते शीटमध्ये एका ओळीत. वरच्या उदाहरणात लेखकाला डॉक उघडता आला असता पण वाक्य घालता आलं नसतं. मग त्याने ते वाक्य चढवणाऱ्याला पाठवलं असतं आणि २ ग्रॅमला कोणी हात लावला नसता.

बदल मोठा असेल, अर्धा लेख फिरवायचा असेल, तर कुलूप काढता येतं, पण उलट्या वाटेने. आधी साइटवर केलेल्या दुरुस्त्या शीटमधून बघून एकेक करून ऑफिसच्या खात्यावरून डॉकमध्ये आणायच्या. त्यानंतर लाल ओळ खोडायची, लेखकाला Editor आणि तज्ज्ञांना Commenter करायचं, स्थिती 'दुरुस्ती'. पुन्हा मंजुरी, पुन्हा कुलूप.

वर्डप्रेसमध्ये लेखकाला लॉगिन देऊच नका. दोघे चढवणारे असतील तर दोघांना वेगळी लॉगिन हवीत, आणि इथे बरेच जण फसतात. दुसरा कोणी लेख उघडून बसला असेल तर वर्डप्रेस सांगतं आणि Take over विचारतं, पण ते युजर बघतं, माणूस नाही. दोघं एकाच admin वर असतील तर त्याच्या लेखी माणूस एकच, इशारा येत नाही, आणि जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहतं. एकट्यानेही लॅपटॉपवर सकाळचा टॅब उघडा ठेवून दुपारी मोबाइलवरून दुरुस्ती केली आणि संध्याकाळी त्या जुन्या टॅबवर सेव्ह केलं, तर हेच होतं. टॅब बंद करा. Take over दाबण्याआधी समोरच्याला फोन करा.

तज्ज्ञांना प्रीव्ह्यू दाखवायला लॉगिन लागत नाही, पानाची पीडीएफ काढून पाठवा. त्यावर ते सांगतील ते बदल चढवणाऱ्याकडे, डॉककडे नाही.

काही पुसलं गेलंच तर Revisions मध्ये जुनी अवस्था सापडते. Restore दाबण्याआधी दोन्ही ताडून बघा, नाहीतर मधल्या चांगल्या दुरुस्त्याही जातील. फोटो, कॅटेगरी नेहमीचंच. कॅशे साफ करा. इनकॉग्निटोमध्ये पान उघडून फक्त आकडे वाचा: मात्रा, दिवस, तारखा. आणि शीटमध्ये 'चढवला' निवडण्याआधी डॉक लेखकाच्या खात्यावरून उघडायला सांगा. त्याला तिथे एक अक्षर जरी टाइप करता आलं, तर कुलूप लागलेलं नाही.