वाय-फाय जोडलेलं, पण एकही साइट उघडत नाही? या चुका टाळा

पावसाच्या सुरुवातीला कोकणातून हमखास येणारी एक तक्रार आहे. फोनवर वाय-फायच्या रेघा भरलेल्या, राउटरचे दिवे नेहमीसारखे, आणि तरी एकही पान उघडत नाही. घरात जाहिराती अडवणारा छोटा डबा, म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं पाय-होल, बसवलेला असेल, तर सगळ्यात आधी तो चालू आहे का ते बघा.

गुहागरजवळच्या एका घरातलं उदाहरण घेऊ. मुंबईला असणाऱ्या पुतण्याने गणपतीला आल्यावर हा डबा बसवून दिला. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला तसे काकांनी सगळे प्लग काढले. ते बरोबरच केलं, कोकणात वीज पडून राउटर जळणं नवीन नाही. पाऊस ओसरल्यावर त्यांनी राउटर पुन्हा लावला. डब्याचा प्लग मात्र टीव्हीमागे वेगळ्या बोर्डावर होता, तो राहिला. राउटरने घरातल्या सगळ्या फोनना आधीच सांगून ठेवलंय की साइटचं नाव आलं की पत्ता 192.168.1.10 ला, म्हणजे त्या डब्याला, विचारा. डबा बंद, त्यामुळे उत्तर द्यायला कोणी नाही. इंटरनेट दारापर्यंत आलेलं असतं, फक्त नावावरून पत्ता सापडत नाही.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून रिसेट करणं. त्याने डबा सुरू होत नाहीच, उलट कंपनीने दिलेलं लॉगिन आणि पासवर्ड राउटरमधून पुसले जाऊ शकतात. तसं झालं की खरोखरच इंटरनेट जातं, आणि भर पावसात माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. कंपनीला फोन लावण्याआधीही दोन मिनिटं तपासणी करा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडून हे टाईप करा. पहिली ओळ घरातल्या डब्याला पत्ता विचारते, दुसरी बाहेरच्या 1.1.1.1 या सर्व्हरला:

```
nslookup example.com
nslookup example.com 1.1.1.1
```

पहिल्या ओळीला उत्तर येत नाही आणि दुसरीला येतं, तर लाइन ठीक आहे, बिघाड घरातल्या डब्याकडे आहे. दोन्हींना येत नसेल तर बहुधा लाइनच गेली आहे, मग कंपनीलाच फोन करा. क्रोममध्ये `DNS_PROBE_FINISHED_BAD_CONFIG` दिसणं हीसुद्धा अशीच खूण आहे. फोनवरून मात्र निदान करू नका. वाय-फायवर इंटरनेट नाही हे कळताच बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतात, आणि "व्हॉट्सॲप तर चालतंय" असं वाटून दिशाभूल होते.

"काका, त्या डब्याचा लाल दिवा लागलाय का?" एवढं फोनवर विचारलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. प्लग लावल्यावर एक-दोन मिनिटं द्या. दिवा लागला आणि तरी साइट उघडत नसेल, तर डब्याला राउटरने नवा पत्ता दिलाय का ते बघा. बसवतानाच राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवला नसेल तर लाईट गेल्या-आल्यावर असं होतं. दिवा लागतो पण डबा नेटवर्कवर दिसतच नाही, तर मेमरी कार्डावर संशय घ्या. लाईट सारखी ये-जा करत असली की कार्डावरची माहिती खराब होते.

डबा लगेच सुरू होण्यासारखा नसेल तर राउटरच्या डीएचसीपी पानावर, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये, डीएनएसच्या जागी, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता कोणाला विचारायचा त्या रकान्यात, राउटरचाच पत्ता टाका, बहुधा 192.168.1.1. त्यानंतर प्रत्येक फोनचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा. हे विसरलं की फोन जुनाच पत्ता धरून बसतो आणि बदल चुकला असं वाटतं. डबाच डीएचसीपीचंही काम करत असेल, तर राउटरचं डीएचसीपीही चालू करावं लागेल.

यावर कायमचा उपाय म्हणून बरेच जण दुसऱ्या डीएनएसच्या जागी गुगलचा 8.8.8.8 टाकतात. तसं करू नका. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारायचं, असा नियम सगळी उपकरणं पाळत नाहीत. डबा ठणठणीत असतानाही काही विचारणा बाहेर जातात, मग जाहिराती मधूनच दिसू लागतात, आणि त्याचं कारण शोधणं या बिघाडापेक्षा अवघड.

त्यापेक्षा डबा आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. गडगडाटात बोर्डाचा एकच प्लग काढायचा, आणि फायबरऐवजी तांब्याची वायर येत असेल तर तीही. राउटरच्या यूएसबीवर डबा चालवून प्लग वाचवू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, ते त्या पोर्टमधून सहसा मिळत नाहीत. डब्यावर चिठ्ठी चिकटवा: "हा बंद तर इंटरनेट बंद", आणि खाली पुतण्याचा नंबर.