गाठ ट्रान्सपोर्टला टाकण्याआधी: बिलाची रक्कम आणि ई-वे बिलाची रक्कम

सोलापूरहून हैदराबादच्या दुकानदाराला टेरी टॉवेल पाठवायचे आहेत असं धरा: ४०० नग, ११८ रुपये दराने, म्हणजे ४७,२०० रुपयांचा माल. त्यावर ५ टक्के आयजीएसटी धरला की ४९,५६० होतात. परराज्यात ई-वे बिल ५०,००० च्या वर लागतं, म्हणून इथे बरेच जण निर्धास्त होतात. (महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, पुण्याची सवय हैदराबादला लावू नका.)

बिल पक्कं करण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याला भाडं कोण देणार हे ठरवा. भाडं टू-पे असेल आणि दुकानदार ते तिकडे परस्पर देणार असेल, तर ते तुमच्या बिलात येत नाही. पण पॅकिंग आणि भाड्याचे ७०० रुपये तुम्ही बिलात लावणार असाल, तर ते मालाच्या किमतीत धरून त्यावरही कर लागतो. मग करपात्र रक्कम ४७,९००, कर २,३९५ आणि एकूण ५०,२९५. त्या सातशे रुपयांमुळे मर्यादा ओलांडली, ई-वे बिल काढावंच लागणार.

बिल छापून हातात आल्यावरच पोर्टल उघडा, तोंडी हिशेबावरून भरू नका. Total Taxable Amount मध्ये ४७,९०० यायला हवेत. इथे ४७,२०० टाकून ते ७०० Other (+/-) मध्ये ढकलण्याची चूक फार होते. मग एकूण ५०,२६० दिसतं, बिलापेक्षा ३५ रुपये कमी, आणि ते ३५ म्हणजे भाड्यावरचा राहिलेला कर. तो रकाना बिलातल्या राउंड-ऑफच्या पैशांसाठी ठेवा.

मग बिल, ई-वे बिल आणि बिल्टी शेजारी ठेवून तिन्हींवरचा बिल नंबर, तारीख आणि एकूण रक्कम बोटाने जुळवा. बिल्टीवर बुकिंग क्लार्क अंदाजे 'पन्नास हजार' लिहून मोकळा होतो, तिथे ५०,२९५ च लिहून घ्या.

खरा घोळ होतो तो फोनवरच्या सवलतीने. 'दर ११६ करा' म्हटल्यावर बिल बदललं जातं, ई-वे बिल जुनंच राहतं. निघालेल्या ई-वे बिलात गाडीचा तपशील बदलता येतो, रक्कम नाही. चूक दिसली तर काढल्यापासून २४ तासांत, आणि वाटेत तपासणी झालेली नसेल तरच, ते रद्द करून नवं काढा. माल निघून गेला असेल तर बिलाला हात न लावता सवलतीची क्रेडिट नोट द्या.

पिनकोड किंवा गाडी नंबरातला एखादा आकडा चुकल्यास एकूण १,००० रुपये दंडावर सुटका होऊ शकते, तसं २०१८ चं परिपत्रकच आहे. त्या किरकोळ चुकांच्या यादीत रकमेचा फरक नाही.