पिंगला उत्तर नाही म्हणजे पत्ता मोकळा आहे असं नाही

अंधेरीतल्या एका ऑफिसात सपोर्टला लागून मला तीन महिने झाले होते. सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला, "अरे, सर्व्हर परत गेला बघ." शेजारच्या टेबलावर मात्र तोच सर्व्हर छान उघडत होता. दहा मिनिटांनी नेमकं उलटं. अर्ध्यांचं चालू, अर्ध्यांचं बंद आणि ते अर्धे सारखे बदलतायत, असं दिसलं की एकाच आयपीवर दोन मशीन बसलीत का, हे आधी बघा. प्रत्येक कॉम्प्युटर त्या आयपीसमोर एकच मॅक ॲड्रेस लक्षात ठेवतो. ज्याच्याकडे सर्व्हरचा मॅक आहे त्याचं काम चालतं, बाकीचे अडकतात.

समोर विंडोज असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये 4199 नंबरची नोंद शोधा, तिच्यात दुसऱ्या मशीनचा मॅक लिहिलेला असतो. आमचा सर्व्हर लिनक्सचा, आयपी हाताने दिलेला. त्याने कसलीच तक्रार केली नाही.

मी फसलो तो पुढे. मला शंका आली होती, म्हणून सर्व्हरची केबल काढली आणि लॅपटॉपवरून 192.168.10.50 ला पिंग केलं. चारही वेळा `Request timed out`. म्हणजे तिथे दुसरं कोणी नाही, असं मी ठरवलं आणि सर्व्हरचं नेटवर्क कार्ड खराब आहे असं सांगून टाकलं. माझ्या शब्दावर कार्ड बदललं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते चेहरे मला अजून आठवतात.

त्या ओळीचा अर्थच मला कळला नव्हता. आपल्याच नेटवर्कातल्या आयपीला पिंग करताना विंडोज आधी एआरपीने "हा आयपी कोणाचा?" असं सगळ्यांना विचारतो. कोणीच उत्तर दिलं नाही तर आपल्याच आयपीवरून `Destination host unreachable` येतं. `Request timed out` आलं याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की एआरपीला कोणीतरी "माझा" म्हणालंय, फक्त पिंगला गप्प बसलंय. फायरवॉल पिंग अडवते. एआरपीला मात्र उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर त्या मशीनचं स्वतःचंच काम होणार नाही. एक अट आहे: लॅपटॉपकडे सर्व्हरचा जुना मॅक शिल्लक असेल तरी तीच ओळ दिसते. म्हणून खऱ्या सर्व्हरची केबल काढून, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर हे करा:

```
arp -d 192.168.10.50
ping 192.168.10.50
arp -a 192.168.10.50
```

पिंगकडे बघूच नका, शेवटच्या कमांडकडे बघा. तिथे मॅक दिसला तर तोच घुसखोर. लॅपटॉप त्याच व्हीलॅनमध्ये हवा, कारण एआरपी राउटरच्या पलीकडे जात नाही. फोनवरच्या स्कॅनर ॲपवर माझा भरवसा नाही. काही ॲप नुसतं पिंगच करतात आणि तुम्ही पुन्हा माझ्याच खड्ड्यात. "आधी सगळे स्विच रीस्टार्ट कर" म्हणणाऱ्या सीनियरचंही यात ऐकू नका. थोडा वेळ बरं वाटतं आणि माग पुसला जातो.

मॅक हातात आला की निम्मं काम झालं, घाबरू नका. मुख्य स्विचवर विचारा:

```
show mac address-table address xxxx.xxxx.7a41
```

सिस्कोच्या स्विचवर ही नोंद सहसा 300 सेकंद शांतता राहिली की जाते, म्हणून लॅपटॉपवर `ping -t` चालू ठेवा. मला पोर्ट 24 दिसला आणि मी तिथली केबल उपटणारच होतो. तो दुसऱ्या मजल्याच्या स्विचकडे जाणारा अपलिंक होता. पंचवीसेक लोक खाली पडले असते. पोर्टवर ढीगभर मॅक दिसले तर तो अपलिंक समजा, पुढच्या स्विचवर जा आणि तीच कमांड पुन्हा द्या.

तिथल्या पोर्ट 7 ची वायर मीटिंग रूममध्ये गेली. तिथे घरगुती वायफाय राउटर, टीव्हीच्या मागे ढकललेला. स्टिकरवरचा मॅक `7a40`, मी शोधत होतो `7a41`. परत फिरणार होतो, पण अशा राउटरच्या वॅन पोर्टचा मॅक बहुतेकदा स्टिकरपेक्षा एकाने वेगळा असतो. वायर काढली, `arp -d` केलं, पिंग केलं: `Destination host unreachable`. त्या ओळीने मला इतका आनंद कधी दिला नव्हता.

सर्व्हर बंद असताना एका रविवारी कोणीतरी तो बसवला होता. पिंग करून 50 मोकळा दिसला, म्हणून वॅनला तोच आयपी दिला. राउटर आम्ही ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, त्याला डीएचसीपी रेंजच्या बाहेरचा 192.168.10.9 दिला आणि तो आयपी देण्याआधी त्याला पिंग करून मग `arp -a` बघितलं.