मॉनिटर आर्म बसवताना या चुका टाळा: वजन, मागची चार भोकं आणि टेबलाची कड

नाशिकहून मावसभावाचा फोन आला. “दादा, नवा आर्म लावला, पण मॉनिटर खाली राहतच नाही. हाताने खाली आणला की हळूहळू आपला वर जातो. खराब पीस आलाय का?”

आर्म म्हणजे टेबलाच्या कडेला पकडून मॉनिटर हवेत धरणारा हात. पीस खराब नव्हता. त्याचा मॉनिटर २७ इंची. खोक्यावर वजन ६.४ किलो लिहिलेलं. आर्म घेताना त्याने विचार केला की जितका दणकट तितका बरा, आणि ५ ते १५ किलोचा हेवी ड्यूटी आर्म मागवला. आकडा तर बसत होता, ६.४ किलो त्याच मर्यादेत येतं. पण ते वजन स्टँडसकट होतं. आर्मवर स्टँड चढत नाही, चढतो तो नुसता पडदा. मॉनिटरच्या माहितीपत्रकात खाली दुसरी ओळ असते, ‘स्टँडशिवाय वजन’. तिथे ४.१ किलो होतं. म्हणजे त्याचा मॉनिटर आर्मच्या किमान मर्यादेच्याही खाली होता.

वजनाबाबत सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. आपल्याला फळीची सवय असते. ५० किलो पेलणाऱ्या फळीवर ५ किलो ठेवले तर बिघडत काहीच नाही. गॅस स्प्रिंगचा आर्म मात्र फळी नाही, तो तराजू आहे. आतल्या नळीत दाबाखाली भरलेला वायू हाताला सतत वर ढकलत असतो आणि मॉनिटरचं वजन त्याला खाली ओढतं. दोन्ही सारखे झाले की पडदा जिथे सोडाल तिथे थांबतो. वजन कमी पडलं तर आर्म वर जातो, जास्त झालं तर खाली बसतो. म्हणून आर्मवर ‘२ ते ९ किलो’ असं लिहिलेलं असेल तर त्यातला २ हा आकडाही ९ इतकाच महत्त्वाचा. आपला मॉनिटर या पट्ट्याच्या साधारण मध्यावर यावा असा आर्म निवडा. अगदी टोकाला असेल तर ताण जुळवायला जागाच उरत नाही.

इंचांवर तर मुळीच जाऊ नका. ‘१७ ते ३२ इंच’ हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, पण दोन २७ इंची मॉनिटरांच्या वजनात सहज दीड-दोन किलोंचा फरक असू शकतो. माहितीपत्रक हरवलं असेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग स्टँड काढलेला मॉनिटर हातात धरून उभे राहा आणि दोन्हींतला फरक बघा. शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी चालतं.

वजन बरोबर आहे, तरी हलतोय?

मग ताण जुळवलेला नाही. कारखान्यातून आर्म एका ठरावीक ताणावर येतो आणि तो तुमच्या मॉनिटरसाठी नसतो. आर्मच्या वरच्या हातावर, सांध्याजवळ एक षटकोनी खाचेचा स्क्रू असतो आणि शेजारी अधिक-उणे अशा खुणा. बहुतेक आर्मसोबत येणाऱ्या एलन कींपैकी सर्वांत जाड की त्यालाच लागते. मॉनिटर लावलेला असू द्या, आर्मचा हात आडवा, जमिनीला समांतर धरा आणि मग स्क्रू फिरवा. खाली बसत असेल तर अधिककडे, वर जात असेल तर उणेकडे. दोन-तीन फेऱ्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका, दहा-पंधरा फेऱ्याही लागतात. की जड जायला लागली तर जोर लावू नका. हात आडवा आहे ना ते आधी बघा, कारण वाकड्या अवस्थेत स्क्रूवर भार येतो आणि त्याची खाच गोल होऊन जाते.

जुळलं की नाही हे कळायला पडदा एकदा खाली, एकदा मध्ये, एकदा वर नेऊन सोडा आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा. तिन्ही जागी जागचा हलला नाही तर ताण बरोबर.

आता एक वेगळाच प्रकार. उंची जिथल्या तिथे राहते, पण पडदा मान टाकतो, म्हणजे वरची कड पुढे झुकते. लोक परत ताणाचाच स्क्रू फिरवत बसतात, आणि मग उंचीही बिघडते. मान धरण्याचं काम गॅसच्या नळीचं नाही. ते आर्मच्या डोक्याच्या सांध्यातल्या घर्षणाचं आहे आणि तिथे वेगळा स्क्रू असतो, पडद्याच्या अगदी मागे, पडदा ज्या प्लेटवर बसतो तिच्याजवळ. तो आवळायचा. ३४ इंची वक्र मॉनिटरमध्ये हा त्रास जास्त, कारण त्याच्या दोन्ही बाजू पुढे आलेल्या असतात आणि सगळं वजन प्लेटपासून पुढे सरकतं. काही मॉनिटरची भोकं पाठीच्या मधोमध नसून खाली असतात, तिथेही वरचा भाग जड होऊन पुढे झुकतो. डोक्याचा स्क्रू पूर्ण आवळूनही मान पडत असेल तर वजन मर्यादेत असलं तरी तो आर्म त्या मॉनिटरचा नाही, तो परत करा.

मागची चार भोकं

वेसा ही पडद्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे आणि मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांचं माप तिच्याच नावाने ओळखलं जातं. घरगुती मॉनिटरवर दोनच मापं भेटतात: ७५×७५ मिलिमीटर आणि १००×१०० मिलिमीटर. बहुतेक आर्मच्या प्लेटवर दोन्हींची भोकं असतात. मोठ्या पडद्यांवर २००×१०० किंवा २००×२०० असतं, त्याला जोडपट्टी वेगळी घ्यावी लागते.

माप घेताना एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत घ्या, आडवं आणि उभं. तिरकं घेऊ नका. ७५ च्या चौकोनाचं तिरकं अंतर १०६ मिलिमीटर भरतं. टेप घाईत लावली की ते ‘शंभरच्या आसपास’ वाटतं आणि १०० ची जोडपट्टी घरी येते. मी स्वतः हे एकदा केलं आहे. १०० च्या चौकोनाचं तिरकं अंतर १४१ असतं, तेवढं लक्षात असलं की गोंधळ होत नाही.

भोकं दिसतच नसतील तर आधी स्टँड काढून बघा. अनेक मॉनिटरमध्ये स्टँड त्याच चार भोकांवर बसवलेला असतो, किंवा भोकांवर प्लास्टिकचं झाकण असतं. तरीही नसतील तर पडद्याला कडांनी पकडणारी चौकट मिळते. पण तिचं वजनही आर्मच्याच खात्यात जातं.

खरा घोटाळा स्क्रूच्या लांबीत आहे, आणि इथली चूक महागात पडते. ७५ आणि १०० या मापांना एम४ स्क्रू लागतात, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचे. लांबी साधारण १० मिलिमीटर. काही मॉनिटरची भोकं पाठीत खोल खड्ड्यात असतात आणि आर्मची सपाट प्लेट तिथपर्यंत पोचत नाही. मग मध्ये स्पेसर, म्हणजे पोकळ नळ्या, घालायच्या आणि तेवढेच लांब स्क्रू घ्यायचे. अंदाजाने नाही, मोजून. भोकात काडेपेटीतली काडी टेकेपर्यंत घाला, नखाने खूण करा, पट्टीवर मोजा. समजा ८ मिलिमीटर आलं. त्यातलं ७ वापरायचं, एक मिलिमीटर मोकळं ठेवायचं. प्लेटची जाडी अडीच असेल तर ७ आणि अडीच मिळून साडेनऊ, म्हणजे जवळचा १० चा स्क्रू बरोबर बसतो, टोकाशी अर्धा मिलिमीटर तरी उरतो. मध्ये १५ चा स्पेसर असेल तर बेरीज साडेचोवीस, म्हणून २५ चा स्क्रू.

स्पेसर नसताना तोच २५ चा लावला तर तो आत १५ मिलिमीटरनी जास्त घुसायला बघेल. मागे सर्किट असतं, त्याच्यापुढे पॅनेल. लांब स्क्रू ओळखायची खूण सोपी आहे: स्क्रू घट्ट झाला असं वाटतं, पण प्लेट हलवली की खडखड वाजते. म्हणजे त्याचं टोक तळाला टेकलं आहे आणि प्लेट दाबली गेलेलीच नाही. तिथेच थांबा, आणखी आवळू नका. पहिले दोन-तीन आटे नेहमी बोटांनी फिरवा. बोटांनी जात नसेल तर स्क्रू तिरका लागला आहे किंवा जाडीच वेगळी आहे. चारही सैल लावून मग आडव्या-तिडव्या क्रमाने आवळले की प्लेट सरळ बसते.

टेबलाची कड

टेबलाकडे लोक शेवटी बघतात. ६ किलोचा मॉनिटर ५० सेंटिमीटर पुढे ओढला आणि टेबलाची कड धरणाऱ्या क्लॅम्पची पकड फक्त ८ सेंटिमीटर खोल असेल, तर खालचा स्क्रू टेबलाला वरच्या दिशेने साधारण ३७ किलोंच्या जोराने दाबतो. आर्मचं स्वतःचं वजन त्यावर वेगळं. हा सगळा भार त्या स्क्रूच्या टोकावरच्या, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या चकतीवर येतो.

सागाच्या फळीला किंवा चांगल्या प्लायला याचं काही वाटत नाही. पण सध्याची बरीच ऑनलाइन टेबलं १६-१८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डची असतात, वरून सनमायकासारखा पातळ थर. चकती हळूहळू आत रुतते, क्लॅम्प सैल पडतो आणि पुढच्या महिन्यात मॉनिटर डुलायला लागतो. लोक आर्मला दोष देतात. टेबलाखाली वाकून बघा, चकतीभोवती गोल खळगा दिसेल. उपाय स्वस्त आहे: वर आणि खाली दोन्हीकडे पोलादी पट्टी किंवा निदान १२ मिलिमीटर प्लायचा तळहाताएवढा तुकडा द्या, सुताराकडे उरलेला सहज मिळतो. त्याने भार पसरतो. क्लॅम्पला चालणाऱ्या जाडीत तुकड्यांची जाडीही धरा. काचेच्या टेबलावर क्लॅम्प लावूच नका.

आणखी दोन गोष्टी मागवण्याआधी मोजा. टेबलाच्या मागच्या कडेखाली लोखंडी पट्टी असेल तर क्लॅम्प आत सरकत नाही. आणि टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर आर्मचं कोपर मागे जाऊन भिंतीवर आदळतं आणि पडदा हवा तितका मागे जात नाही.

भावाचा आर्म परत गेला, २ ते ९ किलोचा आला. वरच्या हाताच्या स्क्रूच्या अकरा फेऱ्यांनंतर पडदा थांबला. पहिला आर्म काढताना मात्र त्याने मॉनिटर सरळ उचलून घेतला आणि रिकामा हात झटक्याने वर उडाला. हनुवटी थोडक्यात वाचली. आर्म काढायचा असेल तर आधी पडदा सगळ्यात वर न्या, दुसऱ्या कोणाला तरी आर्मचा हात धरून ठेवायला सांगा आणि मग स्क्रू सोडा.