द्राक्षरस आंबताना किती उष्णता सुटते? हेसच्या नियमाने काढा

नाशिकच्या वायनरीत रस आंबू लागला की टाकी तापते, म्हणून ती थंड ठेवावी लागते. ग्लुकोजचे इथेनॉल होताना सुटणारी उष्णता थेट मोजणे किचकट आहे. पण ग्लुकोज आणि इथेनॉल दोन्ही जाळता येतात आणि त्यांच्या ज्वलन एन्थाल्पी माहीत आहेत. तेवढ्यावर काम भागते, कारण एन्थाल्पीतला बदल फक्त सुरुवात आणि शेवट यांवर ठरतो, वाटेवर नाही. हेसने हे 1840 मध्ये मांडले.

आधी हवी असलेली अभिक्रिया कागदावर सगळ्यात वर लिहा. पुढची प्रत्येक गोष्ट तिच्याकडे बघूनच ठरवायची आहे.

```
हवी:  C6H12O6(s) → 2C2H5OH(l) + 2CO2(g)
(1)  C6H12O6(s) + 6O2(g) → 6CO2(g) + 6H2O(l)   ΔH = −2803 kJ
(2)  C2H5OH(l) + 3O2(g) → 2CO2(g) + 3H2O(l)    ΔH = −1367 kJ
```

ग्लुकोज आपल्याला डावीकडे एक मोल हवे आहे आणि (1) मध्ये ते तसेच आहे, म्हणून त्याला हात लावू नका. इथेनॉल मात्र उजवीकडे हवे, तेही दोन मोल. म्हणून (2) उलटा करा, म्हणजे चिन्ह बदलेल, आणि दोनाने गुणा. गुणताना ΔH सुद्धा गुणायचा. घाईत नेमके हेच राहून जाते आणि उत्तर −1436 येते.

```
4CO2(g) + 6H2O(l) → 2C2H5OH(l) + 6O2(g)   ΔH = +2734 kJ
```

आता हे (1) मध्ये मिळवा. दोन्ही बाजूंचे 6O2 आणि 6H2O जातात. उजवीकडच्या 6CO2 मधून डावीकडचे 4 गेले की 2 उरतात. वर लिहिलेली अभिक्रिया तंतोतंत उतरली, तेव्हाच आकडे मिळवा: −2803 + 2734 = −69 kJ.

पाण्याची अवस्था मात्र डोळ्यात तेल घालून तपासा. काही तक्त्यांत इथेनॉलसाठी −1235 दिलेले असते. तो आकडा पाण्याची वाफ धरून काढलेला असतो. तो (2) मध्ये वापरला तर उत्तर −333 येते, कारण सहा मोल वाफ आणि सहा मोल पाणी एकमेकांना काटत नाहीत. दोन उत्तरांतला फरक 264, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक मोलमागे 44 kJ. ही पाण्याच्या बाष्पीभवनाची एन्थाल्पी आहे. असा फरक दिसला की चूक कुठे आहे ते लगेच कळते.

मध्येच आकडे ढोबळ करू नका. 1367 चे 1370 केले तर 69 चे 63 होतात, कारण इथे दोन मोठ्या संख्यांमधला लहानसा फरक काढायचा आहे.

हे −69 घन ग्लुकोज आणि शुद्ध इथेनॉलसाठी आहे. रसात दोन्ही पाण्यात विरघळलेले असतात. ग्लुकोज विरघळताना सुमारे 11 kJ शोषले जातात. ती पायरी उलटी जोडायची, म्हणून −11. इथेनॉल पाण्यात मिसळताना मोलमागे सुमारे 10 kJ सुटतात, दोन मोलांचे −20. म्हणून टाकीसाठी धरायचा आकडा −100 च्या आसपास येतो.